सकाळी गोड, दुपारी आंबूस, संध्याकाळी कडक!

झाड तेच, मडकं तेच. मग दोन ग्लास ताडी सकाळी ‘काहीच नाही’ आणि संध्याकाळी ‘जास्त झाली’, असं का होतं?

समजा, हिवाळ्याच्या सुट्टीत तुमचा ग्रुप डहाणू-बोर्डीकडे निघालाय. हायवे सोडून आत वळलात की रस्त्याच्या कडेला ताडाची उंच झाडं, त्यांच्या शेंड्याला लटकलेली मडकी आणि खाली टेबल टाकून बसलेलं कुणीतरी दिसतं. ग्रुपमधला एक ‘जाणकार’ लगेच सुरू होतो. ‘अरे, ताडी म्हणजे नॅचरल असते. ज्यूसच तो. त्यानं काय होतंय?’ दुसरा म्हणतो, ‘मागच्या वेळी मी दोनच ग्लास घेतले होते, डोकं गरगरत होतं.’ मग वाद सुरू.

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात. एक सकाळी सातला प्यायला असेल, दुसरा संध्याकाळी पाचला. बिअरच्या बाटलीवर आकडा छापलेला असतो, तो दिवसभर तसाच राहतो. ताडीला असा आकडाच नाही. तुमच्या हातातला ग्लास हा एका चालू असलेल्या प्रक्रियेचा मधलाच एक क्षण असतो. ‘ताडी किती स्ट्राँग असते?’ या प्रश्नाला म्हणून एकच उत्तर आहे: किती वाजलेत?

झाडातून निघते तेव्हा

ताड असो, माड असो की शिंदी, रस येतो तो झाडाच्या साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून. पानांमध्ये तयार झालेली साखर फुलोऱ्याकडे, म्हणजे पुढे जिथे फळं धरणार तिकडे, निघालेली असते. ताडी काढणारा माणूस ती वाटेतच अडवतो. ताड-माडाची न उमललेली पोय दोरीनं घट्ट बांधायची, काही दिवस ती हलक्या हातानं ठोकायची, मग टोक कापायचं आणि खाली मडकं अडकवायचं. कापलेली जागा लवकरच बुजते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा वर चढून पातळशी चकती पुन्हा तासावी लागते. माडाची एक चांगली पोय दिवसाला साधारण दीड-दोन लिटर रस देते. थेंबाथेंबानं, चोवीस तास.

हा ताजा रस दिसायला जवळजवळ पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्यात १० ते १५ टक्के साखर असते, आणि ती बहुतेक आपल्या चहातलीच साखर, म्हणजे सुक्रोज. आंबटपणा शून्य, पीएच सातच्या आसपास. अल्कोहोलही शून्य. हीच नीरा.

आता सूक्ष्मजीवांच्या नजरेनं बघा. कोमट हवा, गोड पाणी, जरासे अमिनो आम्ल, आंबटपणा नाही, मीठ नाही. एवढी तयार पंगत निसर्गात क्वचितच मांडलेली असते. आणि पाहुणे आधीपासूनच दारात उभे असतात. कापलेल्या पोयीवर, मडक्याच्या आतल्या भिंतीवर, गोडाच्या वासानं येणाऱ्या माश्या-मधमाश्यांच्या पायांवर, सुरीच्या पात्यावर. म्हणून एक गोष्ट लक्षात घ्या. ताडी ‘खाली आणल्यावर’ आंबत नाही. पहिला थेंब मडक्यात पडला की तिचं घड्याळ सुरू होतं, झाडाच्या शेंड्यावरच.

मडक्यात कोण कोण असतं

शाळेत आपण ‘यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं’ एवढं शिकलो. ते बरोबर आहे, पण मडक्यात यीस्ट एकटं नसतं. सुरुवातीच्या तासांत मजा करतात ते लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू, दह्यातल्या जीवाणूंचे नातेवाईक. ते पटापट वाढतात आणि रस आंबट करतात. पीएच सातवरून पाच, मग चारकडे घसरतो. त्यातलाच ल्युकोनोस्टॉक नावाचा जीवाणू साखरेपासून चिकट तंतूही बनवतो, म्हणून काही वेळा ताडी बोटांना किंचित बुळबुळीत लागते.

हा आंबटपणा यीस्टच्या पथ्यावर पडतो. आंबट पाण्यात बरेच इतर जीवाणू टिकत नाहीत, यीस्ट मात्र आरामात राहतं. यीस्ट आधी आपल्या एन्झाइमनं सुक्रोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि मग त्यांचं अल्कोहोल. याच कामात त्याचा एक जोडीदार आहे, झायमोमोनास नावाचा जीवाणू. हा यीस्ट नव्हे, पण अल्कोहोल बनवण्यात यीस्टलाही मागे टाकेल इतका चपळ. मेक्सिकोत आगावे नावाच्या झाडाच्या रसापासून ‘पुल्के’ नावाचं असंच आंबवलेलं पेय करतात. त्यातूनही हाच जीवाणू शास्त्रज्ञांनी वेगळा काढला होता. जगाच्या दोन टोकांना दोन वेगळी झाडं, आणि कारागीर मात्र तोच!

या सगळ्या गर्दीमुळेच पाण्यासारखा रस दुधाळ होतो. ताडीचा पांढरा रंग म्हणजे कसलाही रंग नाही. ते रसात तरंगणारे कोट्यवधी यीस्ट आणि जीवाणू आहेत. वर येणारा फेस म्हणजे त्यांनी सोडलेला वायू. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही बरंच कळतं. रस पारदर्शक आणि शांत असेल तर आंबणं नुकतंच सुरू होतंय. दुधाळ आणि फसफसणारा असेल तर काम जोरात आहे. दुधाळ पण शांत झाला असेल, तर साखर संपत आली.

न धुतलेल्या मडक्याचा महिमा

आता खरा प्रश्न. दूध नासायला दिवस लागतो, इडलीचं पीठ फुगायला रात्र लागते, मग ताडी काही तासांतच कशी तयार होते? उत्तर मडक्याच्या तळाशी आहे.

जरा गणित करू. आपल्या हिशेबापुरतं धरू की चांगल्या परिस्थितीत यीस्टची संख्या दर दोन तासांनी दुप्पट होते, आणि आंबणं जाणवायला एका मिलिलिटरमध्ये साधारण एक कोटी पेशी लागतात. अगदी स्वच्छ, नव्या मडक्यात हवेतून आणि माश्यांच्या पायांवरून आलेल्या पेशी असतील मिलिलिटरला हजारेक. हजारावरून कोटीपर्यंत जायला तेरा-चौदा वेळा दुप्पट व्हावं लागेल, म्हणजे छब्बीस-सत्तावीस तास. पण कालची थोडी ताडी मडक्यात राहिली असेल आणि त्यामुळे सुरुवातच दहा लाखांपासून होत असेल, तर? तीन-चार वेळा दुप्पट झालं की काम झालं. सहा-सात तास!

आपली आई विरजण लावते तेच हे. मातीच्या मडक्याच्या बारीक छिद्रांमध्ये वर्षानुवर्षांचं यीस्ट बसलेलं असतं. ताडी काढणारे मडकं घासूनपुसून लख्ख करत नाहीत, त्यात आळस नसतो, हिशेब असतो.

आणि ज्याला नीरा हवी असते, तो नेमकं उलट करतो. मडकं धुऊन, तापवून घ्यायचं आणि आतून चुना फासायचा. चुन्यामुळे रसाचा पीएच इतका वर जातो की जीवाणू आणि यीस्ट दोघांचंही काही चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मध्ये नीरा आणि ताडी यांच्यात जी रेघ आहे तीसुद्धा हीच आहे. आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात धरलेला, न आंबलेला रस म्हणजे नीरा. झाड तेच, माणूस तोच, फरक फक्त मडक्याच्या आतल्या बाजूचा. अर्थात चुना म्हणजे काही कायमचं कुलूप नाही. रस गाळून, चुना काढून बाटलीत भरला आणि ती बाटली उन्हात राहिली, तर नीराही आंबायला लागते. नीरा सकाळीच आणि थंडगार विकतात ती हौसेखातर नाही.

दिवसभराचं घड्याळ

संध्याकाळी सहाला मडकं लावलं आणि सकाळी सहाला उतरवलं, तर ती ताडी ‘बारा तासांची’ झाली का? नाही. सहा वाजता पडलेला थेंब बारा तासांचा, पण पहाटे साडेपाचला पडलेला अर्ध्या तासाचा. सरासरी वय सहा तास. शिवाय रात्रभर थंडी. तापमान दहा अंशांनी वाढलं की आंबण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असं ढोबळमानानं म्हणता येतं. म्हणजे पहाटे वीस अंश असताना जे रमतगमत चालतं, ते दुपारी तिशीच्या पुढे पळायला लागतं. त्यात मडकं खाली उतरलं की नवीन गोड रसाची भर थांबते. आता आहे ती साखर फक्त कमीच होणार.

म्हणून सकाळची ताडी गोड आणि मऊ. बिनचुन्याच्या जुन्या मडक्यातल्या ताडीत सकाळी दोनेक टक्के अल्कोहोल असू शकतं. दुपारपर्यंत चार, संध्याकाळी पाच-साडेपाच. हे आकडे झाडागणिक, मडक्यागणिक आणि ऋतूगणिक बदलतात, पण दिशा बदलत नाही. साखरेलाच मर्यादा असल्यामुळे त्याला वरची हद्दही आहे. रसात १२ टक्के साखर असेल आणि तिचा कण न् कण अल्कोहोलमध्ये बदलला, तरी आठ टक्क्यांच्या थोडंसं वर जाता येतं. प्रत्यक्षात काही साखर आम्लांत जाते, काही यीस्ट स्वतःचं अंग वाढवायला वापरतं, म्हणून ताडी बहुधा पाच ते सात टक्क्यांवर थांबते. स्ट्राँग बिअरच्या जवळपास. ‘ज्यूसच तो’ म्हणणाऱ्याला हे सांगा.

यातली खरी गोची जिभेची आहे. जिभेला गोडवा कळतो, अल्कोहोल तितकंसं कळत नाही. सकाळी गोड लागते म्हणून आपण निर्धास्त असतो, दुपारी थोडी आंबटगोड लागते तेव्हाही ‘अजून ज्यूसच आहे’ असं वाटतं. पण गोडवा जितका कमी झालाय तितकं अल्कोहोल वाढलंय. साखर कुठे हवेत उडून जात नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठी याचा अर्थ काय, ते आकड्यांत बघू. ६० किलो वजनाचा एक मुलगा अडीचशे मिलिलिटरचे दोन ग्लास पितो, म्हणजे अर्धा लिटर. सकाळी दोन टक्क्यांची ताडी असेल, तर त्याच्या पोटात १० मिलिलिटर, म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. ते शरीरातल्या पाण्यात पसरलं की रक्तात १०० मिलिलिटरला साधारण २० मिलिग्रॅम. दुपारी चार टक्के असेल तर आकडा ४० च्या आसपास. संध्याकाळी साडेपाच टक्के असेल तर पन्नाशीच्या पुढे. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे तोच मुलगा, तेच दोन ग्लास, तोच विक्रेता, आणि मधल्या काही तासांत ब्रेथ ॲनालायझरचा निकाल बदलला. मुलीचं वजन कमी असेल तर तिच्या रक्तातला आकडा आणखी वर जातो, कारण अल्कोहोल पसरायला शरीरात पाणीच कमी असतं. हा हिशेब ढोबळ आहे. रिकामं पोट, प्यायचा वेग, यानं तो सरकतो. आणि सकाळी नक्की दोनच टक्के होतं हे तुम्हाला सांगणार कोण? मडक्यावर लेबल नसतं. त्यामुळे ‘सकाळची आहे, मी चालवतो’ हा युक्तिवाद बाद.

बॅगेतली बाटली

‘घरच्यांसाठी एक बाटली घेऊ या’ हा पुढचा मोह. घ्यायच्या आधी हे वाचा. एक लिटर रसात १२० ग्रॅम साखर धरली आणि ती पूर्ण आंबली, तर जो कार्बन डायऑक्साइड तयार होतो तो मोकळ्या हवेत जवळजवळ ३४ लिटर भरेल. एका लिटरच्या बाटलीतून चौतीस लिटर वायू! झाकण घट्ट लावलं, बॅग बसच्या टपावर उन्हात राहिली, की प्लास्टिकची बाटली फुगून टणक होते आणि काचेची फुटते. म्हणून जाणते विक्रेते बाटली काठोकाठ भरत नाहीत आणि झाकण सैल ठेवतात किंवा त्याला भोक पाडतात. फ्रिजमध्ये ठेवली तर वेग मंदावतो, थांबत नाही. फ्रिजमधली बाटली दुसऱ्या दिवशी उघडताना तोंड स्वतःपासून लांब धरा, एवढंच सांगतो.

जी बदलतच नाही ती

आतापर्यंत वाचलंत तर एक साधी कसोटी तुमच्या हातात आलीय. खरी ताडी बदलते. तिला बदलावंच लागतं, कारण ती जिवंत आहे. सकाळी गोड, दुपारी आंबूस, दुसऱ्या दिवशी आंबटढाण. आणि तिचा तुटवडाही असतो, कारण झाड दिवसाला मोजकाच रस देतं.

मग आसपास झाडं दिसत नाहीत, तरी बारा महिने, दिवसभर, हवी तेवढी, एकाच चवीची आणि एकसारखीच ‘चढणारी’ ताडी मिळत असेल, तर ती कुठून येते? महाराष्ट्रात आणि तेलंगणात पोलिसांनी अशा ताडीत क्लोरल हायड्रेट सापडल्याच्या अनेक कारवाया केल्या आहेत. हे एकेकाळी झोपेचं औषध म्हणून वापरलं जायचं. पाणी, सॅकरिन, ही पावडर आणि पांढरा रंग येण्यापुरतं काहीतरी. यात ताडाचा थेंबही नसू शकतो. काही ठिकाणी अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची भेसळ होते. २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीवर कारवाई झाली आणि पुरवठा अचानक तुटला, तेव्हा रोज पिणारे कितीतरी लोक झटके, थरथर, भास अशा तक्रारींनी दवाखान्यांत पोचले. त्यांना वाटत होतं, आपण ताडी पितोय. प्रत्यक्षात त्यांना झोपेच्या औषधांचं व्यसन लागलं होतं.

या भेसळीची चव जिभेला पकडता येत नाही. पण काही खुणा आहेत. ग्लास तासभर ठेवला तरी एकही बुडबुडा नाही, यीस्टचा पावासारखा वास नाही, गोडवा सॅकरिनसारखा जिभेवर रेंगाळतो, एका ग्लासातच डोळे मिटायला लागतात. ताडीनं माणूस आधी बडबडा होतो. पहिल्या ग्लासातच कुणी गाढ झोपला आणि हाका मारूनही उठत नसेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडून देऊ नका. अल्कोहोल आणि झोपेचं औषध दोन्ही मिळून श्वास मंद करतात. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय प्यायला ते खरं सांगा.

दुसऱ्या दिवशी

चोवीस तासांनंतर मडक्यात सत्तापालट होतो. साखर संपलेली, यीस्ट थकून तळाशी बसलेलं, आणि आता पाळी ॲसिटिक आम्ल बनवणाऱ्या जीवाणूंची. यांना अल्कोहोल खायला लागतं आणि सोबत हवा लागते. उघड्या मडक्यात दोन्ही मिळतं. अल्कोहोलचं व्हिनेगर होऊ लागतं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताडीची ताकद पुन्हा कमी व्हायला लागते. ‘जितकी जुनी तितकी कडक’ हा समज वाइनवरून उचललेला आहे. ताडीला तो लागू नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यानं या घड्याळाचा प्रत्येक तास वापरून ठेवलाय. तिथे माडाच्या रसाला सूर म्हणतात आणि काढणाऱ्याला रेंदेर. जोरात फसफसणारी सूर तांदळाच्या पिठात घातली की सान्नां फुगतात. बेकरीत यीस्टची पाकिटं येण्याआधी गोव्याचा पावही सुरेवरच फुगायचा. पूर्ण आंबलेली सूर भट्टीवर चढवली की माडाची फेणी. आणि जी राहून गेली, ती मातीच्या भांड्यात तोंडाला फडकं बांधून काही आठवडे कोपऱ्यात ठेवून द्यायची. फडकं अशासाठी की माशी आत जाऊ नये आणि हवा मात्र जावी. झाकण घट्ट लावलं तर जीवाणू गुदमरतात आणि व्हिनेगर होतच नाही. विंदालूला जो आंबटपणा येतो, तो याच भांड्यातून.